पोहोच, जतन आणि टिचकी



आपल्या शाळेचे इन्स्टाग्रामवर पान आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. ते सांभाळण्यासाठी आपल्या एका शिक्षिका आठवड्यातून दोन तास देतात. या दोन तासांत काय करावे, यावर यंदा विश्वस्त मंडळाच्या सभेत बरीच चर्चा झाली. स्नेहसंमेलनातल्या लेझीमची चित्रफीत हजारोंनी पाहिली, तेव्हा यापुढे अशाच चित्रफिती टाकाव्यात, असे बऱ्याच जणांचे मत पडले. बालवर्गाची पटसंख्या दरवर्षी थोडी थोडी घटत असताना हा निर्णय अंदाजाने घेऊ नये, असे मला वाटले. म्हणून मी त्या शिक्षिकांसोबत बसून पानाचे आकडे वाचायला शिकले. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे मराठी शब्द कुठे अडखळले तर सांभाळून घ्यावे.

हे आकडे पाहण्यासाठी पैसे लागत नाहीत. पान 'प्रोफेशनल' प्रकारात बदलले की प्रत्येक पोस्टखाली View insights असे दिसते. त्यात पुष्कळ आकडे असतात. आम्ही तीनच धरले. पहिला पोहोच, म्हणजे रीच: किती वेगवेगळ्या खात्यांना ती पोस्ट दिसली. एकाच माणसाने दहादा पाहिले तरी पोहोच एकच मोजली जाते. दहा वेळा मोजणारा आकडा व्ह्यूज हा निराळा. दुसरा जतन, म्हणजे सेव्ह: किती जणांनी ती पुन्हा पाहण्यासाठी ठेवून घेतली. कोणी ठेवली त्यांची नावे दिसत नाहीत, फक्त संख्या दिसते. तिसरा टिचकी: दिलेल्या दुव्यावर किती वेळा बोट पडले.

आता तीन पोस्ट शेजारी ठेवून पाहू. तिन्हींचे आकडे टाकल्यापासून सातव्या दिवशी लिहून घेतले, कारण दोन दिवसांची पोस्ट महिन्याच्या पोस्टशी तोलणे बरोबर नाही.

लेझीमच्या चित्रफितीची पोहोच ६,२४० आणि जतन १९. दुसरी पोस्ट म्हणजे बालवर्गाच्या प्रवेशाला लागणाऱ्या कागदपत्रांची यादी: जन्मदाखला, आधार, समग्र आयडी, फोटो किती आणि कोणत्या मापाचे. तिची पोहोच ४१२ आणि जतन ५८. तिसरी होती मराठीत आणि हिंदीत सारख्या दिसणाऱ्या, पण अर्थ वेगळा असणाऱ्या शब्दांचा तक्ता. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत 'संसार' म्हणजे जग, मराठीत घरप्रपंच. पोहोच ५३०, जतन ९६.

नुसते जतन पाहू नये, त्याला पोहोचीने भागावे. लेझीम पाहणाऱ्या हजारातल्या तिघांनी ती ठेवून घेतली. कागदपत्रांची यादी पाहणाऱ्या शंभरातल्या चौदांनी, आणि शब्दांचा तक्ता पाहणाऱ्या शंभरातल्या अठरांनी. म्हणजे जी पोस्ट सर्वांत मोठी दिसत होती, ती ठेवून घेण्याच्या बाबतीत सर्वांत मागे होती.

पण मग ते सहा हजार लोक कोण? चित्रफितीच्या आकड्यांत लिहिले होते की पाहणाऱ्यांपैकी ९१ टक्के आपले पान फॉलो न करणारे होते. शिवाय पानाच्या एकूण आकड्यांत पोहोच कोणत्या शहरांत झाली ते दिसते. त्या आठवड्यात पुणे, मुंबई आणि नागपूर वर होते, आपले इंदूर चौथे. पुण्याच्या माणसाने आपली लेझीम पाहिली याचा मला आनंदच आहे, पण तो आपल्या बालवर्गात मूल घालणार नाही. यादीची पोहोच लहान, पण ती बहुतेक आपल्याच लोकांत झालेली. शाळेच्या लिपिकांनीही सांगितले की यंदा कागद पुरे घेऊन येणारे पालक जास्त होते. जतनाचा अर्थ मला तेव्हा नीट समजला. ज्याला एखादी गोष्ट पुढे कामाला येणार असते, तोच ती ठेवतो.

टिचकीची गोष्ट थोडी वेगळी आहे. साध्या पोस्टच्या मजकुरात दुवा लिहिला तर तो उघडत नाही, म्हणून प्रवेशचौकशीच्या गूगल फॉर्मचा दुवा आम्ही स्टोरीत स्टिकर लावून दिला. टिचक्या आल्या ४६ आणि भरलेले फॉर्म ११. एकच माणूस दोनदा टिचकी मारू शकतो हे धरले तरी गळती फार होती. लोकांना उत्सुकता नव्हती असे म्हणता येत नव्हते, कारण दारापर्यंत ते आलेच होते. फॉर्म उघडून पाहिला तर त्यात जन्मदाखला अपलोड करण्याचा प्रश्न होता. असा प्रश्न असला की गूगल आधी खात्यात लॉग-इन करायला सांगते, आणि बरेच लोक तिथूनच परततात. तो प्रश्न काढून फक्त नाव, मुलाचे वय आणि फोन नंबर ठेवला. पुढच्या स्टोरीवर टिचक्या ४३ आल्या आणि फॉर्म २४. टिचकी जास्त आणि काम कमी असेल, तर पोस्ट बदलण्याआधी दुव्यापलीकडचे पान तपासावे.

या आकड्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. एका पोस्टला तीन जतन आणि दुसरीला पाच, यावरून काहीही ठरत नाही. पाचशेच्या पोहोचीत इतका फरक सहज पडतो. एकच पोस्ट चांगली चालली तर ती विषयामुळे की त्या दिवसामुळे, हे कळत नाही. म्हणून शब्दांचा तक्ता आम्ही आणखी तीनदा, वेगवेगळ्या शब्दांचा आणि वेगवेगळ्या वारी टाकला. चारही वेळा जतन शंभरामागे बाराच्या खाली गेले नाही, तेव्हा त्यावर विश्वास ठेवला. प्रवेशाची यादी मात्र मार्चमध्ये चालते, दिवाळीत चालणार नाही. आणि शोकसंदेश किंवा विद्यार्थ्याच्या यशाची बातमी कोणी जतन करत नाही, म्हणून ती टाकायची नाही असे होत नाही.

एका हितचिंतकांनी सुचवले की सर्व शिक्षकांनी प्रत्येक पोस्ट जतन करावी, म्हणजे आकडा वाढेल. मी नम्रपणे नको म्हटले. आपणच वजनकाट्यावर बोट ठेवले तर मग काटा कशाला पाहायचा?

शेवटी असे ठरले: आठवड्याला एक शब्दांचा तक्ता, एक कामाची पोस्ट (वेळापत्रक, यादी, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख) आणि महिन्यातून एकच चित्रफीत. चित्रफीत बंद केलेली नाही, कारण ज्यांना शाळा माहीतच नाही त्यांच्यापर्यंत तीच पोहोचते. फक्त तिच्यात आता शाळेचा मोहल्ला आणि शहराचे नाव पहिल्या तीन सेकंदांतच लिहिलेले असते.

पालकांना एकच विनंती. घरी मराठी-हिंदीत अर्थ बदलणारा एखादा शब्द मुलाने चुकून वापरला आणि सगळे हसले, तर तो शब्द वहीत लिहून वर्गशिक्षिकांकडे द्यावा. पुढच्या तक्त्यासाठी आमच्याकडे सध्या नऊच शब्द शिल्लक आहेत.