टॉर्चचा रिपोर्ट आणि लेकराचं उष्टं

रेडमंडमध्ये माझ्याकडे येणाऱ्या मराठी गर्भवतींच्या फायलीतून भारतातल्या लॅबचा ‘टॉर्च’ रिपोर्ट अनेकदा निघतो. रुबेला, सीएमव्ही, टॉक्सोप्लाझ्मा, सगळ्यांसमोर ठळक ‘पॉझिटिव्ह’, आणि घरात घबराट. अमेरिकेत या तिघांपैकी सरसकट तपासतात ती फक्त रुबेलाची प्रतिकारशक्ती. ती नसेल तर लस बाळंतपणानंतर देतात. लशीतला विषाणू जिवंत असतो, म्हणून गरोदरपणात नाही.

अशीच एक, नवव्या आठवड्यातली. सीएमव्हीचं आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएमही पॉझिटिव्ह. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी थेटच विचारलं, “डॉक्टर, मूल ठेवायचं की नाही?”

आयजीजी म्हणजे कधीतरी लागण होऊन गेली. भारतात वाढलेल्या बहुतेक बायकांमध्ये ते सापडतंच. आयजीएम नव्या लागणीत वाढतं खरं, पण नंतर कित्येक महिने रेंगाळतं, कधी भलत्याच विषाणूमुळेही उमटतं. म्हणून मी त्याच रक्तावर अ‍ॅव्हिडिटी मागवली. प्रतिपिंडं विषाणूला किती घट्ट धरतात, ते ही तपासणी सांगते. ही पकड महिन्यांगणिक पक्की होत जाते. तिची पकड पक्की निघाली. म्हणजे लागण निदान तीन महिन्यांपूर्वीची, गर्भ राहण्याच्या आधीची. हीच तपासणी विसाव्या आठवड्यात केली असती, तर पक्क्या पकडीवरून लागण पहिल्या तिमाहीत झाली नाही, असं म्हणता आलं नसतं. टॉर्च घाईने करून घेणारे नेमकं हेच उशिरा करतात.

पकड कच्ची असती तर गोष्ट वेगळी. गरोदरपणातली पहिलीच लागण साधारण तिघींपैकी एकीच्या गर्भापर्यंत पोचते, आणि सर्वाधिक नुकसान पहिल्या तिमाहीतल्या लागणीने होतं: मेंदूत कॅल्शियमचे ठिपके, लहान डोकं, बहिरेपण. खात्रीसाठी गर्भजल तपासतात, पण विसाव्या आठवड्यानंतर आणि लागणीला सहा-आठ आठवडे उलटल्यावरच, कारण विषाणू गर्भाच्या लघवीतून त्या पाण्यात उतरावा लागतो. सोनोग्राफी चांगली आली तरी ऐकू येईलच असं नाही.

जुनी लागण झालेलीला धोका बराच कमी, शंभरात एखाद्या बाळाइतका. पण शून्य नाही, कारण दुसऱ्या जातीचा सीएमव्ही पुन्हा लागू शकतो. तो बहुधा येतो तो घरातल्या डे-केअरला जाणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या लाळेतून नाहीतर लघवीतून. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, “त्याच्या ताटलीतला उरलेला वरणभात कोण संपवतं?” आपल्याकडे लेकराचं उष्टं टाकायचं आईच्या जिवावर येतं. ते नऊ महिने बाबांनी संपवावं. मुका कपाळावर घ्यावा, डायपर बदलल्यावर साबणाने हात धुवावेत. (मांजर दुसऱ्याला देऊन टाकायची गरज नसते, तिची विष्ठाही बाबांनी रोज काढली आणि मांस नीट शिजवलं की टॉक्सोप्लाझ्माचा बराचसा धोका टळतो.)

जन्मानंतर बाळ श्रवणचाचणीत नापास झालं, तर लाळेची किंवा लघवीची पीसीआर तपासणी एकवीस दिवसांच्या आत मागून घ्या. त्यानंतर विषाणू सापडला तरी तो पोटातच लागला की बाहेर, हे सांगणं अवघड होतं.