शेवटून येणाऱ्यांचें भित्तिपत्रक

नाशकांत २००३ सालीं 'नाशिक रन' हा उपक्रम सुरू झाला, तेव्हांपासून धांवणें हें केवळ तालीमबाजांचें काम उरलें नाहीं. त्याच धर्तीवर आमच्या वसाहतींतील तरुणांनीं यंदा एक लहानशी दौड योजिली, आणि आम्ही जन्मभर मुलांचे निबंध तपासलेले, म्हणून भित्तिपत्रकाचा मसुदा आमच्यापुढें आला. मजकूर असा होता: "चला धांवूं या! सर्वांचें स्वागत. अंतर ४ किलोमीटर. प्रारंभ सकाळीं ७, समारोप ७.४५."

भाषेंत दोष नव्हता. पण आमच्या सौभाग्यवतींनीं तो वाचून विचारलें, "मी परत येईन, तेव्हां तिथें कोणी असेल का?"

त्यांचे गुडघे दुखतात. तासाला तीन किलोमीटरांहून अधिक चालवत नाहीं. त्या हिशेबानें चार किलोमीटरांस ऐंशीं मिनिटें लागतात, म्हणजे त्या ८.२० ला पोंचणार. पाऊण तासांत तेंच अंतर कापावयाचें तर तासाला सवापांच किलोमीटरांहून जास्त वेग हवा. म्हणजे झपझप चालणाऱ्याचीही धांदल. एका ओळीनें दिलेलें आमंत्रण पुढच्याच ओळीनें परत घेतलें होतें! हळू चालणारा मनुष्य 'स्वागत' हा शब्द वाचीत नाहीं, वाचकहो. तो घड्याळ वाचतो.

"मग ८.३० लिहून टाकूं," एक मुलगा म्हणाला. नुसतें लिहून कसें चालेल? पाणी देणारे व वळणावर उभे राहणारे स्वयंसेवक तोंवर थांबतील काय, हें आम्हीं आधीं विचारून यावयास सांगितलें. ते कबूल झाल्यावरच आंकडा बदलला.

लंडनमधील बुशी पार्कांत २००४ सालीं सुरू झालेल्या आणि पुढें 'पार्करन' या नांवानें देशोदेशीं पसरलेल्या साप्ताहिक दौडींत एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांच्या मागून चालतो. त्यामुळें पाहुण्यावर शेवटचा येण्याची पाळीच येत नाहीं. ती युक्ति आम्हीं उचलली.

वेगानें धांवणारांचीही सोय पाहावयास हवी होती. रोज सराव करणाऱ्या मुलीपुढें गप्पा मारीत चौघीजणी आडव्या चालूं लागल्या, तर ती अडखळून पडेल. म्हणून उभें राहण्याची जागाही पत्रकांतच सांगितली. शेवटीं मजकूर ठरला तो असा:

"४ किलोमीटर. धांवा किंवा चाला. मध्यें बसलांत तरी चालेल. प्रारंभ ७ वाजतां. ८.३० पर्यंत पाणी व माणसें जागेवर असतील. आमचा एक स्वयंसेवक सर्वांच्या मागें चालेल, म्हणून तुम्ही शेवटचे नसाल. वेगानें धांवणारांनीं पुढें उभें राहावें; चालणारांनीं मागें, व वाटेंत डावीकडून, दोघादोघांनीं."

छातीनें फीत तोडणाऱ्या तरुणाचें चित्र मात्र मुलांनीं काढूं दिलें नाहीं. बरीच हुज्जत झाल्यावर त्याच्या मागें, काठी टेकीत येणाऱ्या एका आजीबाईंना जागा मिळाली.