सत्तावीस ऑक्टोबरला थांबलेली यादी

नोव्हेंबर २०२४च्या शेवटच्या आठवड्यात दादा सोयाबीन खरेदी केंद्रावरून थेट माझ्या दुकानात आला. चिखलीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, दादा गावाकडची शेती पाहतो. त्यानं फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "ते म्हणतात मेसेज पाठवला, तारीखही निघून गेली. मले त एकही मेसेज आला नाही."

त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. केंद्रावर सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक देऊन नोंदणी करायची, मग माल कधी आणायचा ते मोबाइलवर एसएमएसनं कळतं. दादाकडे २२ क्विंटल माल होता. त्यानं वाट पाहिली. पण सोंगणीची मजुरी द्यायची होती, हरभऱ्याला खत घ्यायचं होतं, म्हणून त्यातले ९ क्विंटल त्यानं व्यापाऱ्याला ४,१५० रुपयांनी दिले. क्विंटलमागे ७४२ रुपये गेले, म्हणजे एकूण ६,६७८. आमच्यासारख्या घरात ही रक्कम लहान नाही. त्यात त्याच्यानंतर चार दिवसांनी नोंदणी केलेल्या शेजाऱ्याचा माल केंद्रावर मोजूनही झाला होता, तेव्हा दादा चौकशीला गेला.

मी फोन उघडला. दादा नेहमी ज्या ॲपमध्ये मेसेज पाहतो ते फोनसोबतच आलेलं होतं. त्यातल्या सगळ्यात वरच्या मेसेजवर तारीख होती २७ ऑक्टोबर. त्यानंतर काहीच नाही. बँकेचा नाही, रिचार्ज संपत आल्याचा नाही, जाहिरातीचासुद्धा नाही. इथेच मला खूण पटली. नेटवर्क खराब असलं की काही मेसेज उशिरा येतात, एखादा हरवतो, पण सगळे एकाच दिवसापासून बंद होत नाहीत. यादी एखाद्या तारखेला अशी कापल्यासारखी थांबली, की मेसेज फोनपर्यंत येताहेत आणि आत दुसरीकडे जाताहेत असं समजायचं.

आणि २७ ऑक्टोबर मला आठवत होता. दिवाळीच्या तोंडावरचा रविवार. दादाला नको ते फोन फार येतात म्हणून मीच त्याच्या फोनमध्ये दुसरं एक ॲप घालून दिलं होतं. ते पहिल्यांदा उघडताना त्यानं विचारलं होतं, की मेसेजसाठी मुख्य ॲप मला करायचं का. दुकानात गर्दी होती. मी "हो" दाबलं आणि दादाला काही सांगितलं नाही.

त्या एका "हो"नं काय होतं ते नीट सांगतो. अँड्रॉइडमध्ये पूर्वी कुठलंही ॲप परवानगी घेऊन आलेला एसएमएस उचलू शकत असे, इतकंच काय, तो पुढच्या ॲपला मिळण्याआधी अडवूही शकत असे. २०१३ मध्ये आलेल्या ४.४ या आवृत्तीपासून नियम बदलला. मुख्य ॲप एकच. आलेला एसएमएस फोनच्या सामाईक साठ्यात लिहिण्याचं काम त्याचं, आणि तिथून पुसण्याचा अधिकारही त्याचाच. बाकीच्यांना परवानगी असेल तर मेसेज आल्याची वर्दी मिळते, साठा वाचता येतो, पण तेवढंच. आणि मुख्यपद गेलं की त्याच्यासोबत मिळालेली वाचायची परवानगीही सहसा जाते. काही ॲपं स्वतःजवळ मेसेजची वेगळी प्रत ठेवतात. तसं ॲप पदावरून उतरलं तरी उघडतं, जुने मेसेज दाखवतं, चालू असल्यासारखं दिसतं. फक्त नवीन काही येत नाही. दादा रोज सकाळी अशीच एक जुनी प्रत उघडून पाहत होता.

मग नवीन ॲप का वाजलं नाही? ते दिवसभर जाहिरातींसाठी वाजायचं म्हणून वहिनीनं पुतण्याला सांगून त्याच्या सूचना बंद करून घेतल्या होत्या. त्यात तिची काहीच चूक नाही. पण ज्याच्याकडे टपाल येत होतं त्याचं तोंड बंद झालं, आणि ज्याचं तोंड उघडं होतं त्याच्याकडे टपाल येणं थांबलं.

खात्री करायला मी माझ्या फोनवरून दादाच्या नंबरवर एक साधा एसएमएस टाकला. फोन गप्प. जुन्या ॲपमध्ये काही नाही. नवीन ॲप उघडलं तर मेसेज तिथे बसलेला. मग त्याच ॲपमध्ये केंद्राचा मेसेज शोधला. तो पहिल्या यादीत नव्हता. त्या ॲपनं मेसेजचे कप्पे केले होते, आणि पाठवणाऱ्याच्या जागी माणसाचं नाव नसून नुसती अक्षरं असल्यामुळे तो "इतर"मध्ये, कर्जाच्या आणि रमीच्या जाहिरातींखाली पडला होता. १४ तारखेला आलेला, १९ तारखेला माल आणा असं सांगणारा. दादानं तो दोनदा वाचला. मला बोलला काही नाही, ते मला जास्त लागलं.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. Settings मध्ये Apps, त्यात Default apps, त्यात SMS app. काही फोनांत ही नावं थोडी वेगळी असतात. तिथे जुनं ॲप निवडलं, त्यानं मागितलेली परवानगी दिली. लगेच ते उघडलं तर यादी अजून तशीच होती. घाई केली नाही. त्यानं सामाईक साठा वाचायला घेतला, आणि थोड्या वेळानं महिन्याभराचे मेसेज आपापल्या तारखांना जाऊन बसले. केंद्राचाही. मग परत चाचणीचा एसएमएस टाकला, आणि या वेळी फोन वाजला.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. साठा सामाईक आहे, त्यामुळे मुख्य असलेल्या ॲपमध्ये "कचरा" म्हणून पुसलेला मेसेज दुसऱ्यातूनही जातो. म्हणून आधी शोधायचं, मग साफसफाई. आणि हे सगळं साध्या एसएमएसपुरतं खरं आहे. काही ॲपांत इंटरनेटवरून जाणारा चॅट असतो. तो दिसायला मेसेजसारखाच, पण तो त्या ॲपच्या स्वतःच्या साठ्यात राहतो. ॲप बदललं की तो मागे राहतो, दुसऱ्यात येत नाही. ॲप बदलायचं असेल तर आधी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तो चॅट बंद करावा, नाहीतर समोरचा माणूस त्याच वाटेनं पाठवत राहू शकतो.

तेव्हापासून फोन परत देण्याआधी मी गिऱ्हाइकासमोरच त्याला एक एसएमएस पाठवतो. कुठलं ॲप वाजलं ते त्यालाच दाखवतो, आणि दोन ॲपं असतील तर त्यातलं कुठलं ठेवायचं हे त्यालाच ठरवू देतो. मे २०२५ पासून कंपन्यांच्या आणि सरकारी मेसेजच्या पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर लागतं, सरकारी असेल तर G आणि जाहिरात असेल तर P. तेही सांगतो, म्हणजे गर्दीतून कामाचा मेसेज उचलता येतो.

दादानं केंद्रावर परत नंबर लावला. जानेवारीत एका दुपारी त्याचा फोन आला, मागे ट्रॅक्टरचा आवाज. "वाजला रे. सोमवारी बोलावलं." राहिलेले १३ क्विंटल त्यानं सोमवारी पहाटेच भरले.