दोन तारखा

आमच्या फ्लॅटला ताब्याच्या दोन तारखा आहेत. नोंदणी केलेल्या करारनाम्यात ३१ डिसेंबर २०२२ लिहिलंय. महारेराच्या वेबसाइटवर प्रोजेक्ट उघडला की वेगळी तारीख दिसते, आणि ती पुढे सरकत राहते. आमचा सगळा वाद या दोन तारखांमधल्या अंतराचा आहे.

फ्लॅट अमरावतीत, कठोरा रोडच्या बाजूला. आईबाबा अकोल्यात भाड्याच्या घरात, मी पुण्यात कोड लिहितो. २८ लाख भरून झाले होते. दर महिन्याला बँकेचा हप्ता एकीकडे आणि घरभाडं दुसरीकडे जात होतं. इमारत प्लास्टरपर्यंत येऊन थांबलेली.

२०२३ मध्ये मी बिल्डरला तीन पत्रं पाठवली, करारात लिहिलेल्या पत्त्यावर, रजिस्टर पोस्टाने, आणि तीच ईमेलवरही. पहिल्यात फक्त विचारलं, ताबा कधी? दुसऱ्यात करारातलं कलम आणि तारीख लिहिली. तिसऱ्यात सरळ व्याज मागितलं. तिन्हींची पोहोच कार्डं सहीनिशी परत आली. उत्तर एकाचंही नाही. बाबा म्हणायचे, "सही करून चिठ्ठी घेते, मंग उत्तर काहून देत नाई थो?"

तक्रारीआधी अशी पत्रं पाठवलीच पाहिजेत, असं रेरा कायदा म्हणत नाही. पण फोनवरच्या "दिवाळीपर्यंत देतो"ला पुरावा नसतो. आम्ही मागणी केली, ती पोहोचली आणि समोरचा गप्प राहिला, हे त्या तीन कार्डांवरून दिसतं.

तक्रार ऑनलाइन होते, फी ५,००० रुपये. सोबत करारनामा, इंडेक्स टू, पैसे भरल्याच्या पावत्या, पत्रं आणि पोहोच कार्डं जोडली. खरा विचार करावा लागला तो एका ठिकाणी: नेमकं मागायचं काय? कलम १८ दोन रस्ते देतं. प्रोजेक्टमधून बाहेर पडा आणि भरलेले पैसे व्याजासकट परत घ्या. किंवा प्रोजेक्टमध्ये राहा आणि ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज घ्या. दोन्ही एकदम मिळत नाही.

रागात पहिला रस्ता बरा वाटतो. पण ज्याच्याकडे प्लास्टर पूर्ण करायला पैसे नाहीत, तो २८ लाख एकरकमी कुठून आणणार? शिवाय तेवढ्यात आता अमरावतीत तसा फ्लॅट मिळत नव्हता. आम्ही राहायचं ठरवलं.

महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआरमध्ये २ टक्के मिळवून धरतात. हिशोबाला सोपं जावं म्हणून १० टक्के धरा: २८ लाखांवर वर्षाचे २,८०,००० आणि महिन्याचे सुमारे २३,३३३ रुपये.

सुनावणी व्हिडिओ कॉलवर झाली. बिल्डरच्या वकिलांनी दोन मुद्दे मांडले. मजूर मिळाले नाहीत, हा एक. पण कायद्यातल्या दैवी आपत्तीच्या यादीत युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप आहेत. मजुरांची टंचाई नाही. दुसरा मुद्दा जास्त चलाख होता: महारेराने प्रोजेक्टला मुदतवाढ दिली आहे, नव्या तारखेपर्यंत उशीर झालेलाच नाही.

इथे दोन तारखांचा अर्थ लागतो. मुदतवाढ हा बिल्डर आणि प्राधिकरणातला मामला; त्यामुळे नोंदणी चालू राहते. करार मात्र बिल्डर आणि माझ्यात आहे. नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ ला हेच स्पष्ट केलं. तिथे कायद्याआधीचे करार होते. नोंदणी करताना बिल्डर नवी तारीख देऊ शकतो, पण त्याने ग्राहकाशी झालेला करार नव्याने लिहिला जात नाही. उशीर करारातल्या तारखेपासून मोजायचा. आमच्या आदेशातही तेच आलं: १ जानेवारी २०२३ पासून, भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देईपर्यंत व्याज.

"भोगवटा प्रमाणपत्रासह" हे शब्द महत्त्वाचे. मधल्या काळात बिल्डरच्या ऑफिसातून निरोप आला होता, फर्निचरसाठी चावी घेऊन जा, एका पत्रावर सही करा. पत्रात होतं, ताबा मिळाला, काही तक्रार नाही. महानगरपालिकेचं प्रमाणपत्र नसताना अशी सही केली असती, तर व्याजाचं मीटर कुठे थांबलं यावरच नवा वाद उभा राहिला असता. बाबांनी चावी घेतली नाही.

आदेश आला म्हणजे पैसे आले असं होत नाही. मुदत संपूनही रक्कम आली नाही, तेव्हा पुन्हा अर्ज केला. मग महारेराचा वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची असते. ते काम तहसील कार्यालयातून, शेतसारा आणि बाकीच्या वसुलीच्या रांगेत होतं. आमची फाइल आता त्या रांगेत आहे. बाबा दर पंधरा दिवसांनी सकाळच्या गाडीने अकोल्याहून अमरावतीला जातात, टेबलावर फाइल कुठवर आली विचारतात, आणि परतताना इमारतीवरून चक्कर मारतात. गेल्या वेळी खिडक्या बसत होत्या म्हणाले.