आकृती कापली गेलेला प्रश्न

बारावीच्या अर्थशास्त्राचा प्रश्न हल्ली मुलांपर्यंत फोटो होऊन येतो. बऱ्याचदा फोटोचा फोटो, नाहीतर झेरॉक्सची झेरॉक्स. वरची आकृती एकतर काळीकुट्ट झालेली असते किंवा कापलेली, आणि खाली 'वरील आकृतीच्या आधारे' एवढं मात्र ठळक. महाडात माझ्याकडे शिकायला येणारी पोरं मग विचारतात, "मॅडम, आता हे सोडवायचं कशावरून?"

प्रसंगावरून. खरं तर आकृती असली की मुलं प्रसंग वाचतच नाहीत. वक्र उजवीकडे सरकलेला दिसला की 'वृद्धी', डावीकडे दिसला की 'ऱ्हास', विषय संपला. आकृती गेली की तो का सरकला हे वाक्यातून शोधावं लागतं.

सरावाला मी आपलाच प्रसंग देते. २२ जुलै २०२१, सावित्रीचा पूर. पाणी ओसरल्यावर घराघरात चिखल. तो उपसायला घमेलं हवं. बाजारपेठेतली दुकानंच पाण्याखाली गेलेली, आणि पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट दरडींनी बंद. घमेल्याच्या किमतीचं आणि विक्रीचं काय होईल?

आधी बाजार ठरवा : घमेल्यांचा, महाड शहरातला. मग प्रत्येक कारणापुढे लिहा, हे घेणाऱ्याच्या बाजूचं की विकणाऱ्याच्या. चिखल घेणाऱ्याच्या बाजूला, म्हणून मागणीत वृद्धी. बुडालेला माल आणि बंद रस्ता विकणाऱ्याच्या बाजूला, म्हणून पुरवठ्यात ऱ्हास. दोन्हींमुळे किंमत वरच जाते. विक्रीचं मात्र सांगता येत नाही, आणि मुलं इथे अडतात. त्यांना वाटतं, उत्तर अर्धवट राहिलं.

आकडे धरून बघू, हे निव्वळ समजुतीसाठी. पुराआधी २०० रुपयांना दिवसाला २० घमेली खपत होती. पुरानंतर २०० रुपयांना ५० लोक मागतात, आणि किंमत दर १०० रुपयांनी वाढली की त्यातले १५ गळतात. पुरवठा किंमत १०० ने वाढली की १० ने वाढतो. आता थोडाच माल बुडाला आणि २०० रुपयांना १० घमेली मिळतात असं धरा. मग ३६० रुपयांना मागणीही २६ आणि पुरवठाही २६. विक्री वाढली. पण माल इतका बुडाला की कुठल्याही किमतीला पूर्वीपेक्षा ३० घमेली कमी येतात असं धरलं, तर बाजार ४४० रुपयांना जुळतो आणि खपतात फक्त १४. किंमत दोन्ही वेळा चढली, विक्री एकदा वाढली, एकदा घटली. प्रसंगात ऱ्हास किती हे दिलं नसेल, तर 'नक्की सांगता येत नाही' हेच पूर्ण उत्तर आहे.

खरी फसगत पुढच्या ओळीत असते. समजा प्रश्नात लिहिलंय, 'चार दिवसांनी पुण्याहून घमेल्यांचा ट्रक आला.' वृद्धी की विस्तार? महाडात भाव चढलाय हे ऐकून व्यापाऱ्याने ट्रक पाठवला असेल, तर तो पुरवठ्याचा विस्तार. वक्र तोच, आपण त्यावर वर चढलो. दरड हटली, रस्ता मोकळा झाला म्हणून ट्रक आला असेल, तर वृद्धी, वक्रच उजवीकडे गेला. ट्रक तोच, घमेली तीच. म्हणून 'म्हणून', 'मुळे', 'ऐकून' या शब्दांखाली मी पेन्सिलीने रेघ मारायला लावते. कारण किंमत असेल तर वक्र हलत नाही, बाकी काही असेल तर हलतो.

यंदाच्या बॅचमध्ये एका मुलीने वही बाजूला सारली. पुरात तिच्या घरात पाणी शिरलं होतं. म्हणाली, "मॅडम, भाव वाढलाच नव्हता. घमेलंच मिळत नव्हतं. आम्ही परातीने चिखल काढला."

वर्ग एकदम गप्प. तिचं म्हणणं चूक नव्हतंच. ओळखीच्या गिऱ्हाइकाला दुकानदार अशा वेळी दुप्पट भाव सांगत नाही. उद्या त्याच गल्लीत राहायचंय. किंमत २०० वरच थांबली की मागणारे ५०, घमेली १०, आणि ४० माणसं रिकाम्या हाताने परत. याला तुटवडा म्हणतात. वक्र दोघांचे तितकेच सरकलेले असतात, फक्त छेदनबिंदूपर्यंत बाजार पोचत नाही. पुस्तकातला प्रश्न किंमत हवी तशी हलू शकते असं गृहीत धरतो, आणि बहुतेकदा ते लिहितही नाही.

तिला मी सांगितलं, परीक्षेत 'किंमत वाढेल' लिही, आणि खाली एक ओळ जोड : किंमत वाढू दिली नाही तर तुटवडा. तिने लिहिलं. मग विचारलं, "आणि फुकट वाटलेल्या पाण्याच्या बाटल्या?"

त्याने दुकानातल्या बाटल्यांची मागणी डावीकडे सरकते. हे तिने माझ्याआधीच वहीत लिहिलं होतं.