शेवट गोड? आधी पोल बघा!

लाप्लासच्या चॅप्टरमधली सगळ्यांची लाडकी गोष्ट म्हणजे फायनल व्हॅल्यू थिअरम. इन्व्हर्स काढायला नको, पार्शल फ्रॅक्शनची कटकट नको. F(s) ला s ने गुणायचं, s शून्याकडे न्यायचा, की t अनंताला गेल्यावर काय होणार ते हातात! तोच s अनंताकडे नेला की इनिशियल व्हॅल्यू. दोघं जुळे भाऊच वाटतात. पण स्वभाव सारखा नाही बरं का.

एक सिस्टिम घ्या. युनिटी फीडबॅक, G(s) = K/(s(s+1)(s+2)), इनपुट युनिट स्टेप. आउटपुट असं येतं:

Y(s) = K/(s(s³+3s²+2s+K))

s ने गुणा, s शून्य करा. वर K, खाली K, उत्तर १. K दोन असो नाहीतर दहा, उत्तर १च, म्हणजे एरर शून्य. माझा रूममेट खुश! म्हणाला, "मग वाढव की गेन बिनधास्त."

पण राउथचा तक्ता मांडला तर कळतं, की K सहापेक्षा कमी असेल तोवरच ही सिस्टिम स्टेबल आहे. K = 6 ला दोन पोल ±j√2 वर बसतात आणि आउटपुट १च्या खालीवर कायम झुलत राहतं. K = 10 ला तेच पोल साधारण 0.15 ± j1.73 वर सरकतात. आता झोका दर साडेचार सेकंदांनी दुप्पट होतो. थिअरम मात्र शांतपणे सांगतो, १!

मग हा १ येतो कुठून? पार्शल फ्रॅक्शन केलं, तर y(t) मध्ये तीन भाग दिसतात: एक स्थिर १, एक विरणारा भाग आणि एक वाढत जाणारा झोका. sY(s) मध्ये s शून्य करताना आपण फक्त 1/s चा सहगुणक उचलतो. बाकीचे भाग विरले, तर तोच शेवट. ते वाढत असतील, तर तो १ खराच असतो, पण शेवट नसतो.

सिद्धताही हेच सांगते. f′(t) च्या लाप्लासमध्ये s शून्याकडे न्यायचा, तर ते इंटिग्रल तिथपर्यंत कन्व्हर्ज व्हायला हवं. K = 10 ला ते 0.15 च्या उजवीकडेच होतं. शून्य हद्दीबाहेर! बीजगणिताला ही हद्द दिसत नाही, म्हणून ते उत्तर देऊन मोकळं होतं.

इनिशियल व्हॅल्यूला ही भानगड नाही, कारण s अनंताकडे जाताना तो हद्दीतच असतो. 1/(s-2) घ्या. तो e²ᵗ चा लाप्लास, सुरुवात १, आणि थिअरमही १च देतो. त्याची अट एवढीच, की अंशाची डिग्री छेदापेक्षा कमी हवी. याच फंक्शनला फायनल व्हॅल्यू लावा, शून्य येईल. खरं उत्तर अनंत!

तेव्हा मंडळी, s शून्य करण्याआधी sF(s) चा छेद बघा. सगळे पोल डाव्या अर्ध्या भागात असतील तरच पुढे जा. एखादा जरी अक्षावर किंवा उजवीकडे सापडला, तर आलेल्या आकड्याला फायनल व्हॅल्यू म्हणू नका.