साल जळावी, गर शिजू नये

ढोबळी मिरची आणि टोमॅटो ओव्हनच्या ग्रिलखाली भाजून सोलायचे म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती मिनिटं?’ करमाडच्या माझ्या पाककलेच्या वर्गात या प्रश्नाचं उत्तर मी शेवटी देते. आधी पट्टी घेऊन रॉडपासून अंतर मोजायला लावते. ते ट्रेपर्यंतचं नव्हे, मिरचीच्या सालीपर्यंतचं.

कारण सगळी शर्यत साल आणि गर यांच्यात आहे. लालबुंद रॉडची आच थेट सालीवर पडते. सालीलगतच्या पाण्याची वाफ होते, वाफ सालीला वर उचलते, फोड येतो. गरापासून सुटलेली साल मग झपाट्याने कोरडी पडून काळी होते. रॉड जवळ असेल तर हे इतक्या लवकर उरकतं की आतला गर जेमतेम मऊ होतो. अंतर दुप्पट केलं की सालीवरची आच निम्म्यावर येते आणि आतपर्यंत उष्णता पोचायला भरपूर वेळ मिळतो. मग गर आधी शिजतो, पाणी सोडतो. साल नुसती सुरकुतते आणि सोलताना गर घेऊनच निघते.

अख्खी मिरची ग्रिलखाली ठेवायची नाही, असं मी म्हणते ते यासाठीच. तिचे खांदे रॉडला टेकायला आलेले असतात आणि कडा खूप खाली राहतात. उभी चिरून देठ आणि बिया काढा, साल वर करून ट्रेवर ठेवा आणि तळहाताने दाबून चपटी करा. साल तडकली तरी चालेल. आता वरची साल रॉडपासून साधारण पाच सेंटीमीटरवर आली पाहिजे. घरगुती ओटीजीत जाळीचे खाचे तीन-चारच असतात, त्यामुळे नेमकं अंतर क्वचितच जुळतं. मग जाळीवर स्टीलचं छोटं ताट उपडं घालून त्यावर ट्रे ठेवावा. तेल लावू नये. रॉडच्या इतक्या जवळ ते धूर करतं.

फक्त वरचा रॉड चालू करा आणि तापमानाचं बटण शेवटच्या आकड्यावर न्या. रॉड लाल झाला की लगेच ट्रे आत सरकवा. ओव्हन आधी खूप वेळ तापवला तर आतली हवा गरम होते, थर्मोस्टॅट रॉड बंद करतो आणि नेमकी हवी तेव्हा आच मिळत नाही.

आता मिनिटं. जाड गराच्या लाल ढोबळीला पाच सेंटीमीटरवर दहा-बारा मिनिटं लागतात, बारा सेंटीमीटरवर पंचवीसच्या पुढे. पण हे वीज पूर्ण असेल तेव्हा. आपल्याकडे संध्याकाळी पंप चालू झाले की व्होल्टेज पडतं, आणि रॉडची आच त्याहून जास्त प्रमाणात पडते. २३० चे १८० व्होल्ट झाले तर रॉड जवळपास ६० टक्केच तापतो. रॉड नारिंगी न दिसता मळकट लाल दिसला की घड्याळ विसरून सालीकडे बघावं. दोन-तृतीयांश साल काळी आणि उरलेल्या भागावर फुगलेले फोड, एवढं दिसलं की पुरे. पूर्ण काळी होईपर्यंत थांबलात तर खालचा गर कडवट होतो.

गरम मिरच्या पातेल्यात घालून दहा मिनिटं घट्ट झाकण ठेवायचं. कोंडलेल्या वाफेने उरलेली साल सुटते आणि बोटांनी पापुद्र्यासारखी ओढून निघते. नळाखाली मात्र धरू नका. भाजल्याची चव गरावरच्या चिकट रसात असते, पाण्याबरोबर तीही जाते. एखादा काळा ठिपका राहिला तर राहू द्या.

टोमॅटोचं गणित निराळं. त्यात ९४-९५ टक्के पाणी आणि साल कागदाहून पातळ. आडवे अर्धे कापून चिरलेली बाजू खाली ठेवली की सहा सेंटीमीटरवर सात-आठ मिनिटांत माथ्यावर साल तंबूसारखी उभी राहते, टोकाला काळी पडते. तिथेच थांबावं. झाकून वाफवलं तर टोमॅटो बसतो, म्हणून उघड्यावरच जरा निवू द्यावा आणि साल चिमटीत धरून उचलावी. वाहतुकीसाठी लावलेले जाड सालीचे संकरित टोमॅटो इथे छान वागतात. गावरान टोमॅटो रसाळ, पण सालीबरोबर फाटतो. म्हणूनच मिरची आणि टोमॅटो एका ट्रेमध्ये एकत्र भाजू नयेत. टोमॅटोच्या सुटलेल्या पाण्याने मिरची भाजायची सोडून वाफायला लागते.

दोन लाल ढोबळ्या आणि चार टोमॅटो असे सोलून झाले की चार-पाच लसूण पाकळ्या, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि मीठ घालून खलबत्त्यात ठेचावे. पातेल्याच्या तळाशी साचलेला मिरचीचा रसही त्यातच घालावा. मिक्सरमध्ये गर गुळगुळीत होतो आणि ज्वारीच्या भाकरीवर ठरत नाही. पातळ गराच्या हिरव्या ढोबळीसाठी मात्र ओव्हन लावूच नका. साल जळेपर्यंत तिचा गर उरत नाही. ती गॅसच्या मोठ्या आचेवर, चिमट्यात धरून फिरवत भाजलेलीच बरी.